मनगटावरचा बर्फ

>> रॅप गाण्याच्या मराठी सबटायटलमध्ये 'रिस्ट फुल ऑफ आइस' आईला कळेल असं कसं लिहू? तळटीप देऊ का?

तळटीप नको रे, ओळ दोन सेकंदांत जाते. मी दादरच्या मावशीसाठी आधी 'मनगटावर बर्फ' केलेलं तर ती म्हणे, मुरगळलाय का हात? आइस म्हणजे हिरे, पण नुसतं 'हिरे घातलेत' लिहिलं तर दागिन्यांची जाहिरात वाटते, बढाईतला माज आणि थंडपणाचा खेळ दोन्ही गायब. शेवटी 'मनगटावर हिरे, बघणारे गार' केलं, गार मध्ये थंडीपण आली आणि समोरचा गार पडणंपण, शिवाय बीटवर बसतं. शिव्यांचंही तेच, शब्द सोड, आधी बघ टोमणा कशावर मारलाय, रॅप बॅटलमध्ये बऱ्याचदा 'तुझ्या ओळी दुसरा लिहितो' एवढंच असतं, तिथे मी 'उसन्या ओळींचा शेठ' लिहितो.