स्वाध्यायाचे प्रश्न फिरवून विचारायचे की पाठच करू द्यायचे?

चोपड्याची आई: माझा मुलगा आठवीत आहे. गाईडमधली स्वाध्यायाची उत्तरं त्याला तोंडपाठ, स्वल्पविरामासकट. पण प्रश्न जरा फिरवला की गप्प. शाळेतले सर म्हणतात तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारा. फिरवायचे म्हणजे नेमकं काय करायचं? आणि त्यात वेळ वाया जातो का?

यावलकर गुरुजी: ताई एकच प्रश्न घेऊन सांगतो. "मातीच्या माठातलं पाणी थंड का राहतं?" हा प्रश्न शास्त्रीय कारणात ठरलेला, पोरं झोपेतपण उत्तर देतात. मी आधी स्वतः कागदावर त्या उत्तराच्या कड्या सुट्या करतो. माठाला बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी बाहेर पाझरतं, बाहेर आलेल्या पाण्याचं बाष्पीभवन होतं, आणि त्याला लागणारी उष्णता माठातून आणि आतल्या पाण्यातून जाते. झाल्या चार कड्या. आता एकेक कडी तोडायची आणि विचारायचं की काय होईल. माठाला बाहेरून ऑइलपेंट मारला तर? (पाझरणंच बंद.) माठाला प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली तर? (पाझरेल, पण उडून जायला जागा नाही, आतली हवा ओलीगच्च.) बोअरचं खारं पाणी भरून भरून माठ जुना झाला तर? आपल्याकडे घरोघरी म्हणतात ना, जुना माठ थंड करत नाही, ते का? छिद्रांत क्षार बसतात म्हणून.

एका प्रश्नात एकच कडी तोडायची हं. दोन तोडल्या तर पोरगं कुठं अडलं तेच आपल्याला कळत नाही.

जळगाव क्लासवाला: गुरुजी वाचायला छान वाटतं, पण माझ्याकडे एका बॅचला 45 पोरं आहेत. दहावीला विज्ञान भाग 1 चा पेपर 40 मार्कांचा, भाग 2 चा 40 चा, आणि तपासणारा मुद्दे शोधतो. 'बाष्पीभवन', 'उष्णता शोषून घेते' हे शब्द दिसले की मार्क पडतात. ऑइलपेंट कोण विचारणार आहे? ज्याला उत्तर पाठ आहे तो निदान लिहितो तरी, ज्याला फक्त समजलंय तो चार ओळी भरकटतो आणि अर्धाच मार्क घेतो. दहा वर्षं हेच बघतोय.

भुसावळची ताई: म्हणूनच मी सगळे स्वाध्याय एमसीक्यू करून देते, 20 प्रश्न, पोरं 18-19 आणतात. पाठांतर आपोआप सुटतं.

यावलकर गुरुजी: ताई तुमचे पर्याय काय असतात त्यावर आहे. माठाच्या प्रश्नाला बाष्पीभवन, ध्वनी, चुंबकत्व, प्रकाश असे पर्याय दिले तर धडा न वाचलेलंही पोरगं बरोबर खूण करतं, ते 19 मार्क पोराचे नाहीत, पर्यायांचे आहेत. चुकीचे पर्याय पोरांच्याच चुकांतून उचलायचे. एक, माती मुळातच थंड असते. दोन, माती बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. तीन, पाझरलेलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. चार, रात्रीचं थंड पाणी तसंच टिकतं. माझ्या वर्गात दुसरा पर्याय सगळ्यात जास्त पोरं निवडतात, हुशार पोरंसुद्धा. मग मी म्हणतो, खूण राहू दे, दोन का नाही ते एका ओळीत लिही. मे महिन्यात टाकीतून तापलेलं पाणी येतं, तेच माठात भरतो आणि सकाळी ते बाहेरच्या हवेपेक्षा गार लागतं. नुसती उष्णता अडवून हे होईल का? अडवली असती तर तापलेलं पाणी तापलेलंच राहिलं असतं. हे पोराला स्वतःहून सुचलं की समजायचं उत्तर खाली उतरलं.

रावेर केळीवाला: काय भो, माठाचं सोडा, माझा कूलर पावसाळ्यात काहीच काम करत नाही, नुसती चिकचिक होते, दोनदा जाळी बदलली. मेकॅनिक म्हणे मोटर बदला. बदलू का?

यावलकर गुरुजी: 😄 भाऊ जाळी-मोटरला आधी काही करू नका. जुलैत हवेतच इतकं बाष्प असतं की जाळीवरचं पाणी उडत नाही, न उडता गारवा कुठून येणार? मेमध्ये 43-44 ला हवा कोरडी ठणठणीत असते तेव्हा हाच कूलर मस्त चालतो.

आणि चोपड्याच्या ताई, हा घ्या पाचवा प्रश्न, आयता मिळाला. माठ आसपासच्या हवेपेक्षा जास्त गार कधी करतो, मेमध्ये की जुलैत? बहुतेक पोरं जुलै म्हणतात, कारण जुलैत हवाच गार.

जळगाव क्लासवाला: बघा, म्हणजे तुमच्या वर्गातही चुकतातच ना. मग फायदा काय?

यावलकर गुरुजी: चुकले म्हणून तर दिसलं. पाठ उत्तरात चूक दिसतच नाही सर.

पण तुमच्या बाजूचं एक कबूल करतो, ह्यातही नवीन पाठांतर घुसतं. चार प्रश्न झाले की पोरांना कळतं, गुरुजी काहीही विचारले की 'बाष्पीभवन' म्हणायचं. म्हणून मध्येच एक प्रश्न असा टाकायचा की ज्याने काही फरकच पडत नाही. माठात वाळा टाकला तर पाणी जास्त गार होईल का? वास येईल, चव येईल, गारवा तेवढाच. इथंही जो 'बाष्पीभवन वाढतं' म्हणेल त्याच्यापाशी थांबायचं आणि पहिल्या कडीपासून पुन्हा. आणि संज्ञा, नावं, इतिहासातली सनं ह्यांना कड्या नसतात, ती पाठच करावी लागतात, तिथं हा उद्योग करू नये.

धडगावची शिक्षिका: मी क्लासवाल्या सरांच्या बाजूने, पण कारण वेगळं आहे. माझ्या पोरांच्या घरी पावरी बोलतात, पुस्तकातली मराठी त्यांना परकीच. पाठ केलेलं उत्तर म्हणजे त्यांना मिळालेली पहिली पूर्ण मराठी वाक्यं. तुमचे 'जर माठाला बाहेरून तैलरंग दिला तर' असले प्रश्न लिहून दिले की पोरगं विज्ञानात नाही, वाक्यातच अडकतं, आणि आपण म्हणतो समजलं नाही.

यावलकर गुरुजी: बाई हे पटलं. माझ्याकडे अहिराणी, आणि ती मलाही येते, म्हणून मी तोंडी विचारतो, "रंग लायना ते काय व्हई?" असं, आणि उत्तर कळलं की मग मराठीत दोन ओळी लिहून घेतो. पण मला पावरी येत नाही, तुमच्या वर्गात काय चालेल ते मी इथं बसून कसं सांगू. एक करून बघण्यासारखं आहे, स्टीलचे दोन तांबे, एकाला ओलं फडकं आणि एकाला कोरडं, पंख्याखाली अर्धा तास. आधी अंदाज बोटाने दाखवायला लावा, मग हात लावून बघा. वाक्य लागतच नाही.

धडगावची शिक्षिका: लाइट असली तर करते. पण पाठांतर आधी की हे आधी, ते माझं अजून ठरत नाही. आधी पाठ करून घेतलं तर मग पोरं विचार करत नाहीत, आणि आधी हे केलं तर लिहायला शब्द नसतात.

जळगाव क्लासवाला: आधी पाठ. मी आपलं सांगितलं.

चोपड्याची आई: काल रात्री विचारून बघितलं. ऑइलपेंटला लगेच म्हणाला "बाष्पीभवन होईल म्हणून थंड होईल", मग मी म्हटलं पाणी बाहेर येईल कुठून, तर पाच मिनिटं गप्प आणि मग उठून माठाला हात लावून आला, म्हणे "ओला आहे". पिशवीचं बरोबर सांगितलं. मे-जुलैवर आजोबांशी भांडण झालं, दोघंही जुलै म्हणत होते पण कारणं वेगळी 😅 वाळ्याला मात्र म्हणतो पाणी जास्त गार होतं कारण वाळ्याचा वासच गार असतो. गुरुजी ह्याला चूक म्हणायचं का? कारण प्यायला तर मलाही तसंच लागतं.