मदत हवी आहे : सेटपॉइंट बदलला की स्टीम व्हॉल्व्ह धाडकन उघडतो, फिल्टर टाकून तर जास्तच

दालमिल_जळगाव
एमआयडीसीत डाळीचा ड्रायर आहे. गरम हवेचं तापमान पीआयडीवर, पुढे स्टीमचा कंट्रोल व्हॉल्व्ह. माल बदलला की सेटपॉइंट ६५ वरून ७५ करतो. एंटर दाबलं की व्हॉल्व्ह धाडकन उघडतो, लाइनीत हातोडा मारल्यासारखा आवाज होतो आणि लगेच बंद. बाकी दिवसभर तापमान एकदम नीट राहतं. कुणीतरी डेरिव्हेटिव्हला फिल्टर लावायला सांगितलं होतं, लावला, तर आवाज वाढला! उद्या सकाळी माल बदलायचा आहे, लवकर सांगा.

बॉयलर_भाऊ
ट्रॅप बघितले का? लाइनीत पाणी साचल्याशिवाय हातोडा वाजत नाही. पोझिशनरची हवाही तपासा.

दालमिल_जळगाव
ट्रॅप मागच्याच महिन्यात बदलले. आणि सेटपॉइंट बदलला तरच वाजतो, एरवी नाही.

तापीकाठ
पीआयडी पीएलसीचा तयार ब्लॉक आहे की स्वतः लिहिलेला? Kp, Td किती? किती वेळाने चालतो? आणि डेरिव्हेटिव्ह कशाचा घेतलाय, एररचा की तापमानाचा?

केळीवाला_रावेर
आमच्या पिकवणीच्या चेंबरला साधा ऑन-ऑफ कंट्रोलर आहे, कधी तक्रार नाही. भो, कशाला एवढा खटाटोप? मना बी आधी असंच व्हयनं व्हतं, कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद. फरक दोन डिग्री ठेवला, विषय संपला.

दालमिल_जळगाव
केळीवाले दादा, तुमचं कॉम्प्रेसरचं, माझं स्टीमचं.
@तापीकाठ, स्वतः लिहिलाय, म्हणजे भाच्याने. Kp ४, Td २० सेकंद, अर्ध्या सेकंदाला एकदा चालतो. फिल्टर २ सेकंदांचा. डेरिव्हेटिव्ह एररचाच ना, आणखी कशाचा असतो?

धुळ्याचा_पीआय
D काढून टाका. वीस वर्षं कमिशनिंग करतोय, दहातल्या नऊ लूपमध्ये D शून्य ठेवून घरी येतो.

दालमिल_जळगाव
D काढून पाहिलाय. मग तापमान ५-६ डिग्री वर जाऊन येतं आणि डाळ लाल पडते. तापमान मोजणारा पीटी-१०० जाड खोळीत आहे, उशिरा कळतं त्याला.

तापीकाठ
मग D हवाच. आता तुमच्याच आकड्यांत बघा काय होतंय.

सेटपॉइंट ६५ चा ७५ झाला त्या क्षणी हवा तिथेच आहे, पण एरर एका स्कॅनमध्ये १० ने उडाली. D म्हणतो, अर्ध्या सेकंदात १० डिग्री! ४ × २० × १० ÷ ०.५ म्हणजे १६०० टक्के. व्हॉल्व्ह अर्थातच १०० वर. पुढच्या स्कॅनला एरर स्थिर, D शून्य. म्हणजे झटका अर्ध्या सेकंदाचाच. व्हॉल्व्ह तेवढ्यात पूर्ण उघडत नाही, नुसता दचकतो. फिल्टरच्या आधी तुमच्याकडे असंच व्हायचं ना?

दालमिल_जळगाव
हो हो! आधी नुसता ठक् व्हायचा. आता तीन-एक सेकंद पूर्ण उघडा राहतो.

तापीकाठ
तेच. फिल्टरने १६०० चे ३२० झाले, पण ते एकदम जात नाहीत. दर स्कॅनला एक पंचमांश उतरतात : ३२०, २५६, २०५, १६४, १३१, १०५ आणि मग ८४. सहा स्कॅन १०० च्या वर, म्हणजे ३ सेकंद. व्हॉल्व्हला पूर्ण उघडायला तेवढे पुरतात. झटका बुटका झाला पण लांबला, आणि व्हॉल्व्हला लांबीच कळते.

भुसावळकर_ई
मग फिल्टर २ चा २० करा, उंचीही जाईल. सोपं आहे.

तापीकाठ
उंची जाईल, D पण जाईल. Td २० आणि फिल्टरही २० म्हटल्यावर D उशिरा जागा होणार. मग धुळेकरांचं ऐकून काढलेलाच बरा. फिल्टर साधारण Td च्या आठव्या ते विसाव्या हिश्शाइतका ठेवतात, तुमचे २ सेकंद ठीक आहेत.

खरा उपाय, D ला सेटपॉइंट दाखवूच नका. त्याला फक्त तापमान द्या, चिन्ह उलटं करून. सेटपॉइंट स्थिर असताना एरर जितकी वाढते तितकंच तापमान घटलेलं असतं, त्यामुळे दिवसभराच्या कामात दोन्ही रीतींत काडीचा फरक नाही. फरक फक्त एंटर दाबल्याच्या क्षणी. खाली PV म्हणजे तापमान, PV_old मागच्या स्कॅनचं, Tf फिल्टरचे २ सेकंद, dt स्कॅनचा अर्धा सेकंद.

```
D := (Tf*D - Kp*Td*(PV - PV_old)) / (Tf + dt);
PV_old := PV;
```

भुसावळकर_ई
पण मग फिल्टर ठेवायचा कशाला? झटका तर गेलाच.

तापीकाठ
तो झटक्यासाठी नव्हताच, खरखरीसाठी आहे. पीएलसीत तापमान ०.१ च्या पायऱ्यांनी येतं. ७४.९ चं ७५.० झालं की फिल्टर नसलेला D १६ टक्के हलतो. फिल्टर असेल तर ३.२. व्हॉल्व्हचं पॅकिंग कशाने झिजतं ते आता कळलं असेल.

धुळ्याचा_पीआय
एवढं कोड बदलण्यापेक्षा सेटपॉइंटला रॅम्प द्या, मिनिटाला १ डिग्री. एररचा D तसाच राहू द्या, वाटा दीड टक्क्याच्याही आत येतो.

तापीकाठ
चालेल, चांगला मार्ग आहे. पण रॅम्पला वळसा घालून कुणी सेटपॉइंट लिहिला की पुन्हा तेच.

धुळ्याचा_पीआय
वळसा घालू द्यायचाच कशाला? आणि तुमच्या रीतीने तापमान चढताना D ब्रेक लावणार, ७५ ला पोचायला उशीर.

तापीकाठ
थोडा होईल, मान्य. यांना डाळ लाल होण्यापेक्षा तो उशीर परवडेल.

केळीवाला_रावेर
डाळ कोणती? तुरीचा भाव काय चाललाय तिकडे?

दालमिल_जळगाव
(दुसऱ्या दिवशी) भाच्याने रात्री बदललं. सकाळी ६५ चं ७५ केलं, आवाज नाही! पण दोन गोष्टी. एक, व्हॉल्व्ह अजूनही ३० वरून एकदम ७० टक्क्यांवर गेला. दोन, सकाळी पॅनल चालू केलं तेव्हा हवा ३८ वर असूनही पाचेक सेकंद व्हॉल्व्ह बंदच, मग उघडला.

तापीकाठ
दुसरं आधी. चालू होताना PV_old शून्य होता. D ला वाटलं तापमान ० वरून ३८ वर उडालं, म्हणून त्याने ब्रेक दाबला. पहिल्या स्कॅनला PV_old मध्ये चालू तापमान भरा आणि D शून्य करा. मॅन्युअलवरून ऑटोवर येतानाही हेच करा.

पहिलं म्हणजे P चा वाटा. ४ × १० = ४० टक्के. त्याला कमी करायचं म्हणजे P ला पण सेटपॉइंट दाखवायचा नाही, तसं करतात काही जण. मी करणार नाही. तापमान वाढवायचंय तर वाफ जास्त लागणारच.

बॉयलर_भाऊ
४० टक्क्यांची उडीसुद्धा गार लाइनीत वाजेल. पावसाळ्यात बघा. ट्रॅपचं मी उगाच नाही बोललो.

धुळ्याचा_पीआय
म्हणूनच रॅम्प म्हणत होतो.

दालमिल_जळगाव
आज तरी वाजला नाही. PV_old चं भाच्याला सांगतो, तो आत्ता ड्रायरच्या माथ्यावर चढलाय.