मदत हवी आहे: एक्सेलमध्ये विंग, फ्लॅट आणि रंगानुसार सॉर्ट केल्यावर थकबाकी दुसऱ्याच नावांसमोर गेली

सचिव_दहामजली

नमस्कार. आमच्या सोसायटीच्या देखभाल शुल्काची यादी एक्सेलमध्ये आहे. रविवारी वार्षिक सभा असून त्यापूर्वी यादी छापायची आहे. यादी आधी विंगनुसार, मग फ्लॅट क्रमांकानुसार लागावी आणि प्रत्येक विंगमध्ये लाल रंगाचे थकबाकीदार सर्वांत वर यावेत, एवढीच अपेक्षा होती. सॉर्ट केल्यावर नावे व्यवस्थित लागली, परंतु थकबाकीचे आकडे भलत्याच सभासदांसमोर दिसत आहेत. ज्यांनी वर्षभराचे पैसे आगाऊ भरले, त्यांच्यासमोर लाल रक्कम आली आहे. कृपया उपाय लवकर सांगावा. सॉर्ट कसे करतात हे मला माहीत आहे, ते पुन्हा सांगू नये.

हिरवीफाईल

`Ctrl+Z` दाबा, सगळे पूर्ववत होईल. यापुढे सॉर्ट करताना `Sort Warning` अशी चौकट येते, तेव्हा `Expand the selection` हाच पर्याय निवडायचा. तुम्ही घाईत `Continue with the current selection` निवडलेले दिसते. अशा तक्रारींचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

सचिव_दहामजली

फाईल जतन करून बंद केली होती, आज पुन्हा उघडली, त्यामुळे `Ctrl+Z` चालत नाही. आणि अशी कोणतीही चौकट आली नव्हती. आली असती तर मी वाचली असती.

ताळेबंद

चौकट आली नाही, हीच यातली महत्त्वाची माहिती आहे. ती चौकट एकच स्तंभ निवडलेला असेल आणि त्याला लागून आणखी मजकूर असेल तरच येते. दोन शेजारचे स्तंभ एकत्र निवडले, तर एक्सेल काहीही न विचारता तेवढेच दोन हलवते आणि बाकीचे जागच्या जागी ठेवते. काहीच न निवडता फक्त एका पेशीत क्लिक करून सॉर्ट केले, तर तक्ता कुठून कुठपर्यंत आहे हे एक्सेल स्वतः ठरवते, आणि तेव्हाही विचारत नाही. म्हणून पुढील गोष्टी सांगाव्यात. कोणत्या स्तंभात काय आहे? सॉर्ट करण्यापूर्वी काय निवडले होते? रंगाचे सॉर्ट त्याच खेपेत केले की वेगळे? आणि नावाच्या कोणत्याही पेशीत क्लिक करून `Ctrl+A` एकदाच दाबल्यावर निवड कुठपर्यंत जाते?

सचिव_दहामजली

A विंग, B फ्लॅट, C नाव, D मोबाइल, F मागील बाकी, G जमा, H थकबाकी (F वजा G), I शेरा. दोन विंग, प्रत्येकी 40 फ्लॅट. फ्लॅटच्या एका पेशीत क्लिक करून `Sort` उघडले, विंग आणि फ्लॅट असे दोन स्तर दिले. त्यानंतर H मधल्या एका लाल पेशीवर उजवे क्लिक करून `Put Selected Cell Color On Top` केले. `Ctrl+A` ने निवड D पर्यंतच जाते, हे आत्ता पाहिले.

ताळेबंद

E मध्ये काय आहे?

सचिव_दहामजली

काही नाही. सभासदांची माहिती आणि हिशेब वेगळे दिसावेत म्हणून अरुंद करून राखाडी रंग दिलेला स्तंभ आहे.

ताळेबंद

कारण तेच आहे. एक्सेल तक्त्याची हद्द मजकुरावरून ठरवते, रंगावरून नाही. E मध्ये शीर्षकही नसल्यामुळे तो त्याच्या दृष्टीने पूर्ण रिकामा आहे, म्हणजे तुमच्या पानावर एक नव्हे तर दोन तक्ते आहेत. पहिल्या सॉर्टने A ते D हलले आणि F ते I जागीच राहिले. दुसऱ्या सॉर्टने F ते I मधल्या लाल ओळी वर गेल्या आणि A ते D जागीच राहिले. H चे सूत्र त्याच ओळीतल्या F आणि G कडे पाहते, म्हणून उजव्या बाजूची आतली वजाबाकी अजूनही बरोबर आहे. तुटली आहे ती फक्त डाव्या आणि उजव्या भागाची जोडी.

एक सावधगिरीची सूचना. तळाची बेरीज जुन्या बेरजेशी जुळली म्हणून यादी बरोबर आहे असे कृपया समजू नका. 80 रकमा कोणत्याही क्रमाने मांडल्या तरी बेरीज तीच येणार.

आता दुरुस्तीविषयी. डाव्या बाजूला अनुक्रमांकाचा स्तंभ असता आणि उजव्या बाजूला पावती क्रमांकासारखे काही असते, तर जोडी पुन्हा लावता आली असती. ते नसल्यामुळे या फाईलवर आणखी सॉर्ट करत बसण्याने काहीही साधणार नाही. सॉर्टपूर्वीची प्रत कुठे आहे का? खजिनदारांना मेलने किंवा व्हॉट्सॲपवर पाठवलेलीसुद्धा चालेल.

निळीशाई

फाईल वनड्राइव्हवर असेल तर `Version History` मधून जुनी आवृत्ती मिळते, प्रतीची गरजच नाही.

सचिव_दहामजली

फाईल कार्यालयाच्या संगणकावरच आहे. मात्र महिन्याच्या सुरुवातीला खजिनदारांना मेल केलेली प्रत मिळाली. तिच्यात ओळी शाबूत आहेत. त्यानंतर आलेले पैसे आणि बदललेले शेरे तिच्यात नाहीत.

ताळेबंद

मग तीच प्रत आधार धरा. तिला नवे नाव द्या आणि त्यानंतरच्या पावत्या पावती पुस्तकावरून G मध्ये भरा. बिघडलेल्या फाईलमधून एकही रक्कम नकलू नका, कारण ती कोणाची आहे हे त्या फाईलला आता माहीत नाही. शेऱ्यांचे मात्र दुर्दैवाने तसेच आहे, ते माणसांना विचारूनच भरावे लागतील.

सॉर्ट करण्यापूर्वी E स्तंभ पूर्ण काढून टाका. मोकळी जागा दिसायलाच हवी असेल तर D ची रुंदी वाढवा. (पेशीचा रंग सॉर्टबरोबर हलतो, पण आखलेल्या रेषा हलत नाहीत, म्हणून रेषा शेवटी आखाव्यात.) E काढल्यावर थकबाकी G मध्ये आणि शेरा H मध्ये येईल. मग I2 मध्ये हे सूत्र लिहून खाली 81व्या ओळीपर्यंत ओढा, आणि लगेच तो स्तंभ नकलून `Paste Values` करा:

```
=A2&"-"&B2&"-"&C2&"-"&G2
```

म्हणजे प्रत्येक ओळीची एक गोठवलेली खूण तयार होईल. सॉर्ट झाल्यावर J2 मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=I2=A2&"-"&B2&"-"&C2&"-"&G2
```

सगळीकडे `TRUE` आले तर ओळी शाबूत आहेत. एखादा `FALSE` दिसला तर फाईल बंद न करता तिथेच `Ctrl+Z` करा.

निळीशाई

या सूत्रात मोबाइल क्रमांक नाही. फक्त D घसरला तर तुमची खूण सगळीकडे `TRUE` च दाखवेल.

ताळेबंद

बरोबर आहे. D2 सुद्धा दोन्ही सूत्रांत जोडावा.

हिरवीफाईल

एवढ्या खटाटोपापेक्षा `Ctrl+T` दाबून यादीचे टेबल करून टाका. टेबलमध्ये ओळ कधीच तुटत नाही. माझ्या दुकानाचा मालसाठा मी असाच सांभाळतो.

ताळेबंद

टेबल चांगलेच आहे आणि दुरुस्तीनंतर यांनी ते जरूर करावे. पण रिकामा E असताना `Ctrl+T` दाबले असते, तर चौकटीत `$A$1:$D$81` एवढीच हद्द आली असती आणि `OK` म्हटल्यावर हिशेब टेबलच्या बाहेरच राहिला असता. ती हद्द वाचून मगच पुढे जावे. टेबलमुळे ओळ सांभाळली जाते, परंतु टेबल कुठे संपते हे आपणच पाहायचे असते.

कुलाबकर

सभासदांची नावे अनुक्रमे लावायची असतील तर आधी 'श्री.' आणि 'सौ.' वेगळ्या स्तंभात काढावेत, अन्यथा निम्मी यादी 'श्र' खाली जाते. आमच्या मंडळाच्या वर्गणीच्या यादीत हा त्रास दरवर्षी होतो.

सचिव_दहामजली

धन्यवाद, परंतु नावानुसार यादी नको आहे. प्रत तयार झाली, E काढला, खुणा लावल्या. आता रंगाचे काय? विंग, फ्लॅट आणि मग रंग असे तीन स्तर दिले, खुणा सर्व `TRUE` आहेत, पण लाल ओळी वर येत नाहीत. शिवाय फ्लॅट 1001 ते 1004 हे 101 च्या आधी येत आहेत.

ताळेबंद

स्तरांचा क्रम बदलावा लागेल. एका विंगमध्ये प्रत्येक फ्लॅट क्रमांक एकदाच येतो, त्यामुळे विंग आणि फ्लॅट ठरले की ओळीची जागा पक्की होते आणि तिसऱ्या स्तराला ठरवायला काही उरत नाही. म्हणून रंग मध्ये घ्या. पहिला स्तर विंग. दुसऱ्या स्तरात थकबाकीचा स्तंभ निवडून `Sort On` मध्ये `Cell Color`, `Order` मध्ये लाल आणि `On Top`. फ्लॅट सर्वांत शेवटी. पिवळा रंगही असेल आणि तो लालच्या खाली हवा असेल, तर त्याच स्तंभासाठी पिवळ्याचा वेगळा स्तर लालनंतर द्यावा, कारण एका स्तरात एकच रंग बसतो. असे 64 स्तरांपर्यंत देता येतात.

1001 आधी येतो, याचा अर्थ फ्लॅट क्रमांक मजकूर म्हणून भरले आहेत आणि त्यांची तुलना अक्षराअक्षराने होते. तिसऱ्या जागी 1001 मध्ये शून्य आहे आणि 101 मध्ये एक. B स्तंभ निवडून `Data` मधले `Text to Columns` उघडा आणि काही न बदलता `Finish` करा, ते अंक होतील.

सचिव_दहामजली

फ्लॅट बरोबर लागले. मात्र अ विंगमधील दोन लाल ओळी अजूनही मध्येच आहेत.

निळीशाई

रंगांची यादी उघडून पाहा, तिच्यात दोन लाल चौकोन दिसतील. डोळ्यांना सारखा दिसणारा पण किंचित वेगळा लाल एक्सेलच्या दृष्टीने वेगळाच रंग असतो. दोन माणसांनी आपापल्या संगणकावर रंग भरले की असे हमखास होते. माझे स्पष्ट मत आहे की हिशेबाच्या यादीत रंगावर विसंबूच नये. 'स्थिती' नावाचा स्तंभ करून त्यात 'थकीत', 'अंशतः' आणि 'पूर्ण' असे लिहावे आणि त्यावर सॉर्ट करावे.

ताळेबंद

स्थितीचा स्तंभ अधिक भरवशाचा, हे मान्य. पण अक्षरक्रमाने 'अंशतः' हे 'थकीत'च्या वर येईल, तेव्हा `Order` मध्ये `Custom List` करून क्रम स्वतः द्यावा लागेल. रविवारपुरते रंगावर भागू शकते.

हिरवीफाईल

रंग वाईट नाहीत. रक्कम ठरावीक आकड्यापुढे गेली की `Conditional Formatting` ने लाल होऊ द्यावी. छटा एकच राहते आणि सॉर्टला तो रंगही चालतो.

निळीशाई

रकमेवरूनच लाल ठरत असेल, तर सरळ रकमेवर उतरत्या क्रमाने सॉर्ट करावे, रंग हवाच कशाला?

सचिव_दहामजली

आमच्याकडे लाल रंग रकमेवरून ठरत नाही, ज्यांना लेखी नोटीस गेली आहे त्यांना तो दिला जातो. रंगांच्या यादीत खरोखरच दोन लाल होते. दोन्ही एकसारखे करून पुन्हा सॉर्ट केले आणि यादी हवी तशी लागली. खुणा सर्व `TRUE` आहेत. खात्रीसाठी 304, 702 आणि 1003 या फ्लॅटच्या रकमा पावती पुस्तकाशी ताडून पाहिल्या, त्याही जुळल्या. काही शेऱ्यांबद्दल खजिनदारांना विचारणे बाकी आहे. छापताना I आणि J लपवले तर चालतील की काढूनच टाकावेत?

ताळेबंद

छापताना लपवावेत. सभेनंतर पुन्हा सॉर्ट करणार असाल, तर त्या वेळच्या रकमांवरून खूण नव्याने गोठवावी, कारण मधल्या काळात कोणी पैसे भरले की जुनी खूण त्या ओळीला विनाकारण `FALSE` दाखवेल.