लिफ्टच्या पत्राचा मसुदा: पाठवण्याआधी वाचा

सचिव: लिफ्ट कंपनीला द्यायचं पत्र चॅटबॉटकडून लिहून घेतलंय, वर टाकलंय. हरकत नसेल तर संध्याकाळी मेल करतो.

बी-२०४: दादा, थांबा जरा. ‘करारातील कलम ७ नुसार २४ तासांत दुरुस्ती बंधनकारक’ हे कुठून आलं? माझ्याकडच्या प्रतीत कलम ७ पैसे कधी भरायचे याबद्दल आहे.

सचिव: करार मी त्याला दिलाच नव्हता. ‘लिफ्ट सारखी बंद पडते, कडक पत्र लिही’ एवढंच लिहिलं होतं.

बी-२०४: म्हणूनच झालं. कडक पत्रात सहसा कलमाचा हवाला असतो, म्हणून त्याने शोभेलसं एक घालून दिलं. ‘दोन ज्येष्ठ नागरिक तासभर अडकले’ हेही तसंच वाटतंय. कोणी अडकलं होतं का?

ए-१०१: नाही हो! चारही वेळा लिफ्ट रिकामीच होती.

बी-२०४: मग हे वाक्य गेलंच पाहिजे. कंपनीने एवढं एक खोटं दाखवून दिलं की आपली खरी तक्रारही कोणी ऐकणार नाही.

सी-३०२: इंजिनिअर साहेबांचं आडनावही चुकलंय. ते साठे, पत्रात साथे झालंय.

सचिव: मी Sathe असं टाइप केलं होतं.

सी-३०२: इंग्रजी th वरून ठ की थ हे कळत नाही, तो अंदाज करतो. Kale चं काळे की काले, तेच. नावं आपणच देवनागरीत द्यायची आणि शेवटी त्यांच्या जुन्या पत्राशी अक्षर न् अक्षर ताडायची.

सचिव: मग काय करू, सगळं हातानेच लिहू?

बी-२०४: नाही, क्रम उलटा करा. आधी तुमच्या भाषेत चार ओळी लिहा: कधी बंद पडली, कोणाला कळवलं, काय हवंय. मग त्याला सांगा, ‘फक्त शुद्धलेखन आणि वाक्यरचना सुधार, दिलेल्यापलीकडे काही घालू नकोस, माहिती कमी असेल तिथे रिकामी जागा सोड.’ तरीही तो कधीकधी घालतो, म्हणून प्रत्येक तारीख, आकडा आणि नावाखाली रेघ मारून कागदाशी ताडायचं. ‘हे बरोबर आहे का’ असं त्यालाच विचारून उपयोग नाही, चुकीलाही तो हो म्हणू शकतो.

ए-१०१: आणि ते ‘आपणांस हे पत्र सुखरूप मिळेल अशी आशा’ काढा. तुम्ही असं कधी बोलता का? मागच्या वर्षीचं तुमचं पाण्याच्या टाकीचं पत्र चार वाक्यांचं होतं, पण वाचणाऱ्याला लगेच कळलं. तेच त्याला नमुना म्हणून द्या. त्यातले फोन नंबर मात्र आधी खोडा.

सचिव: केलं. नवा मसुदा:

‘लिफ्ट ३, ६, ९ आणि १३ जूनला बंद पडली. प्रत्येक वेळी आम्ही फोन केला, तुमचा माणूस येऊन चालू करून गेला. पण मूळ बिघाड काय आहे ते कोणी सांगितलं नाही. तपासणी करून लेखी कळवा.’

सी-३०२: हे तुमचं वाटतंय. सर्व्हिस रजिस्टर माझ्यासमोर आहे. तिसरी नोंद १० जूनची आहे, ९ ची नाही.

सचिव: ती चूक माझीच, त्याची नाही. बदलतो आणि पाठवतो.