वाढीव पाणीपट्टी भरू नका, असे सभेत सांगणे हा गुन्हा ठरू शकतो का?

कळवेकर :
मी विधी शाखेची विद्यार्थिनी आहे. आमच्या अभ्यासगटात पुढील कल्पित उदाहरण चर्चेला आले. ठाण्यातील एका प्रभाग कार्यालयासमोर पाणीपट्टीवाढीविरुद्ध दोनशे रहिवाशांची सभा झाली. सभेला परवानगी नव्हती आणि शहरात जमावबंदीचा मनाई आदेश लागू होता. एक वक्ता म्हणाला, ‘वाढीव पाणीपट्टीचा एक रुपयाही भरू नका.’ पुढे तोच म्हणाला, ‘उद्या अकरा वाजता या कार्यालयाला बाहेरून कुलूप ठोकू, आत कोण असेल ते असू द्या.’ दुसऱ्या दिवशी कोणीही गेले नाही. पोलिसांनी मात्र दोन्ही वाक्यांवरून गुन्हा नोंदवला. भाषणस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंधांना मुभा देणाऱ्या घटनेच्या अनुच्छेद 19(2) पुढे हे टिकेल का?

पाचपाखाडी :
अजिबात टिकणार नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 1960 चा राममनोहर लोहिया निकाल वाचा. उत्तर प्रदेशात पाटबंधाऱ्याच्या पाण्याचे दर वाढवले होते आणि लोहियांनी शेतकऱ्यांना वाढीव रक्कम भरू नका असे सांगितले, म्हणून त्यांच्यावर खटला भरला गेला. पैसे न भरण्याची चळवळ आज छोटी असली तरी उद्या अराजक माजेल, असा सरकारचा युक्तिवाद होता. भाषणाचा सार्वजनिक सुव्यवस्थेशी निकटचा संबंध असला पाहिजे, दूरवरच्या शक्यता जोडत जाऊन तो सिद्ध होत नाही, असे सांगून न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरवले. येथे तर दुसऱ्या दिवशी पानही हलले नाही. म्हणून दोन्ही वाक्ये संरक्षित आहेत.

नेरूळकर :
मी नोकरीत असताना आमच्या कार्यालयाला आंदोलकांनी असेच बाहेरून कुलूप लावले होते. आत अठरा-वीस कर्मचारी होते, त्यांत एक मधुमेही बाई होत्या, आणि पोलीस येऊन कुलूप तोडीपर्यंत संध्याकाळ झाली. तेव्हाही आदल्या दिवशीच्या भाषणाला सगळे ‘नुसते बोलणे’च म्हणत होते. कार्यालयाच्या पायरीवर उभे राहून, चिडलेल्या जमावापुढे, वेळ ठरवून दिलेली हाक म्हणजे विचारांची अभिव्यक्ती नव्हे. शिवाय सभाच बेकायदा होती, त्यामुळे तेथे बोललेल्या पहिल्या वाक्यालाही संरक्षण कशासाठी द्यावे, हे मला कळत नाही.

कोर्टनाका :
वकिली करतो म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझ्या मते या दोन वाक्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि आपण दोघेही त्यांना एकाच गाठोड्यात बांधत आहात.

पहिल्या वाक्याबाबत पाचपाखाडी यांचे म्हणणे बरोबर आहे. पाणीपट्टी थकवली तर नळजोडणी तुटते, थकबाकी सक्तीने वसूल होते, पण थकवणे हा फौजदारी गुन्हा नाही. जे केल्याने गुन्हा होत नाही ते करा असे सांगितल्याने गुन्ह्याची चिथावणी होत नाही. उरते सार्वजनिक सुव्यवस्था, आणि तिथे लोहिया निकाल थेट लागू पडतो.

दुसऱ्या वाक्याला मात्र तो निकाल पुरत नाही. 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने 19(2) मध्ये जी कारणे आली, त्यांत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आणि ‘गुन्ह्याला चिथावणी’ ही दोन स्वतंत्र आहेत. माणसे आत असताना दार बाहेरून बंद करणे म्हणजे त्यांना बेकायदा डांबून ठेवणे, आणि तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 127 खाली गुन्हा आहे. त्यासाठी शहरात दंगल व्हावी लागत नाही. कोणी गेले नाही, हा बचावही येथे लंगडा आहे, कारण अपप्रेरणेचा गुन्हा पूर्ण व्हायला मूळ कृत्य घडावेच लागते असे नाही. जनतेला किंवा दहापेक्षा अधिक व्यक्तींना गुन्ह्यास प्रवृत्त करणाऱ्यासाठी त्याच संहितेत कलम 57 आहे. लोहिया प्रकरणात न्यायालयाने कायद्याचे कलम अतिव्यापक म्हणून रद्द केले होते, वक्त्यांना सरसकट अभय दिले नव्हते.

आता नेरूळकर यांच्या शेवटच्या मुद्द्याकडे. जमावबंदीचा प्रश्न 19(3) खाली, म्हणजे एकत्र जमण्याच्या हक्काखाली येतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 चा आदेश मोडला असेल तर त्या उल्लंघनाची वेगळी कारवाई होईल, आणि ती दोनशे श्रोत्यांवरही होऊ शकते. पण परवानगी नव्हती एवढ्यावरून तेथे उच्चारलेला शब्द आपोआप गुन्हा ठरत नाही. पोलिसांच्या कागदपत्रांत या दोन गोष्टी बऱ्याचदा एकाच परिच्छेदात कालवलेल्या असतात. आरोप वाचताना त्या आधी वेगळ्या कराव्यात, निम्मे प्रकरण तिथेच उलगडते.

ऐरोलीकर :
मला गेल्या वर्षी मोर्चाच्या आदल्या रात्री पोलीस ठाण्यातून नोटीस आली होती. काही अनुचित घडल्यास तुम्हाला जबाबदार धरले जाईल, असे त्यात लिहिले होते, म्हणून मी बोललोच नाही. म्हणजे माझ्या भाषणावर बंदी होती असेच ना?

कोर्टनाका :
नाही. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 149 ची म्हणून ओळखली जायची, आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 168 आहे. ती दखलपात्र गुन्हा रोखण्यासाठी दिलेली ताकीद असते. सनदशीर भाषण तिने बेकायदा होत नाही. तुम्हाला बोलता आले असते. मूळ उदाहरणात मात्र अशी नोटीस नाही.

पाचपाखाडी :
चिथावणीचे कारण स्वतंत्र आहे हे मान्य, पण त्यामुळे माझा आक्षेप संपत नाही. 19(2) मध्ये निर्बंध ‘वाजवी’ असावा अशी अट आहे आणि ती चिथावणीलाही लागू आहे. माणसाला डांबून ठेवण्याच्या साध्या गुन्ह्याला कमाल एक वर्ष शिक्षा आहे. कलम 57 पाहिले तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते, आणि जुन्या दंड संहितेच्या कलम 117 मध्ये हीच मर्यादा तीन वर्षे होती. प्रत्यक्ष कुलूप लावणाऱ्याला एक वर्ष आणि न लागलेल्या कुलपाबद्दल बोलणाऱ्याला सात वर्षे, हे वाजवी कसे?

नेरूळकर :
कारण कुलूप लावणारा एक असतो आणि बोलणारा दोनशे जणांना कामाला लावू शकतो. मला यात विसंगती दिसत नाही. आत अडकलेल्यांचेही काही मूलभूत हक्क आहेत.

कोर्टनाका :
शिक्षेच्या प्रमाणाबद्दल पाचपाखाडी यांनी नेमके बोट ठेवले आहे, आणि त्याचा एक परिणाम शिक्षेच्या फार आधी जाणवतो. इम्रान प्रतापगढी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये सांगितले की, भाषणाशी संबंधित गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी असेल, तर गुन्हा नोंदवण्याआधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(3) खालील प्राथमिक चौकशी करणे सर्वसाधारणपणे उचित ठरते. ती चौकशी चौदा दिवसांत संपवायची असते. शब्दांचा परिणामही भित्र्या किंवा पदोपदी दुखावल्या जाणाऱ्या माणसाच्या नव्हे, तर खंबीर मनाच्या, समंजस माणसाच्या नजरेतून मोजायचा. हा निकष जुना आहे, 1946 मध्ये नागपूर उच्च न्यायालयाने तो भगवतीचरण शुक्ल प्रकरणात वापरला होता. पण कलम 57 ची कमाल शिक्षा नेमकी सात वर्षे आहे, सातपेक्षा कमी नाही. म्हणजे पोलिसांनी हे कलम लावले की चौकशीचा तो दरवाजाच बंद होतो.

वक्त्याच्या बाजूने मी उभा राहिलो तर दोन गोष्टी मागेन. पहिल्या वाक्यापुरता आरोप रद्द व्हावा, आणि भाषणाची पूर्ण ध्वनिचित्रफीत न्यायालयापुढे यावी. ‘आत कोण असेल ते असू द्या’ याच्या आधी किंवा नंतर तो काय म्हणाला, लोक हसले की घोषणा देत दाराकडे सरकले, कुलूप कोणी आणायचे हे ठरले का, यावर ते वाक्य खरी हाक होती की व्यासपीठावरची फुशारकी, हे ठरेल. कळवेकर, तुमच्या उदाहरणात हा तपशील दिलेला नाही.

कळवेकर :
उदाहरणात एवढेच दिले आहे की टाळ्या पडल्या.

नेरूळकर :
आमच्याकडेही आदल्या दिवशी टाळ्याच पडल्या होत्या.