मठार, मठारणे, मठारकाम : बरोबर काय?

मुग्धा_प : मुलीचा नववीचा प्रोजेक्ट आहे, 'पारंपरिक व्यवसाय आणि कारागीर'. आम्ही पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत जाऊन एका काकांची मुलाखत घेतली आणि शीर्षक दिलं 'तांबट आळीतलं मठारकाम'. बाईंनी लाल गोल करून लिहिलंय, 'असा शब्द नाही, ठोकेकाम लिहा'. आता काय लिहू?

रवी कुलकर्णी : मठार म्हणजे कल्हई ना? आतून चकाकी आणतात ती. आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा, भाता, नवसागर, सगळा धूर धूर...

पत्राठोक : नाही हो रवीराव, कल्हई आतून, कथलाची. मठार बाहेरून, हातोडीचे एकाला एक लागून ठोके. आमच्या घरात हेच काम चालायचं म्हणून सांगतो, ठोकून ठोकून पत्रा कडक होतो मग तो लाल होईस्तोवर तापवून पाण्यात टाकायचा, लोखंड असं केलं तर कडक होईल, तांबं नरम पडतं. मग परत ठोकायचं. मठार सगळ्यात शेवटी, म्हणजे भांडं कडक राहतं, दाबलं तरी चेपत नाही. ठोकेकाम म्हटलं तर आधीचं सगळंच ठोकेकाम की!

अनघा : मला वाटतं माठावरून आला असणार, माठसुद्धा थापटून थापटून वाढवतात.

शुद्धलेखन_प्रेमी : माठ-मठार हे कानाला लागलं म्हणून जोडलेलं दिसतं. शाळेत प्रमाण शब्दच हवा, आळीतल्या बोलीला कंसात ठेवा.

पत्राठोक : मग 'हॅमर्ड फिनिश' लिहिलेलं चालतं ते कसं? हल्ली दुकानात मिळतात त्या बाटल्यांवर बऱ्याचदा साच्याने दाबलेली नक्षी असते, ठोके सगळे सारखे आणि आतून हात फिरवला की फुगवटे लागतात. हातच्या मठाराला आतून लोखंडाचा टेका असतो, त्यामुळे आत बरंच सपाट लागतं. मुलीला सांगा हा फरक दाखवणारा फोटो लावायला, बाई गप्प बसतील.

मुग्धा_प : काका म्हणाले होते मठारल्यावर भट्टीत टाकायचं नाही. मग कल्हई करताना तापवतात तेव्हा कडकपणा जात नाही का? मुलीने विचारलंच नाही.

पत्राठोक : कथील २३२ अंशाला वितळतं, तेवढ्याने तांबं नरम पडत नाही. लाल व्हायला त्याच्या दुपटीहून जास्त तापवावं लागतं. पण नवखा कल्हईवाला भांडं जास्त वेळ आचेवर ठेवतो ना, तेव्हा भीती.

शुद्धलेखन_प्रेमी : विषय शब्दाचा होता. मठारकाम की मठार-काम, जोडून की तोडून?

रवी कुलकर्णी : ते राहू दे, सध्या कोथरूड बाजूला कल्हई कोण करून देतं? आमचं मोठं पातेलं काळं पडलंय आतून.