एकाच महिन्यात दोन्ही धोरणं

> बातम्यांत राजकोषीय धोरण आणि पतधोरण एकदमच ऐकलं. दोन्ही महागाईसाठीच, मग फरक काय?

मे २०२२ आठवा. एप्रिलची महागाई पावणेआठ टक्क्यांच्या आसपास होती. ४ तारखेला रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, ४ वरून ४.४० टक्के केला. हे पतधोरण. २१ तारखेला केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे ८ रुपयांनी कमी केलं. हे राजकोषीय, म्हणजे सरकारचे कर आणि खर्च.

शुल्ककपात दुसऱ्याच दिवशी पंपावर दिसली, पण तेवढा महसूल सरकारने सोडला. रेपोचं तसं नाही. तो बँकांमार्फत हळूहळू पोचतो. फेब्रुवारी २०२३पर्यंत तो ६.५० झाला, म्हणजे अडीच टक्के वाढ. ३० लाखांचं वीस वर्षांचं गृहकर्ज ७ टक्क्यांचं साडेनऊ झालं, तर हप्ता २३,२५९ वरून २७,९६४ होतो. (सुरुवातीलाच दर वाढले तर जुन्या हप्त्यात नुसतं व्याजही भागत नाही!) हप्ता वाढला की घरात इतर खरेदी लांबते, मागणी थंडावते.

मात्र व्याजदर वाढवून कच्चं तेल स्वस्त होत नाही. तिथे शुल्कच कामी येतं, तेही तात्पुरतं.